देवाच्या नावावर सातबारा, नदीच्या नावावर दावा: ‘कायदेशीर व्यक्ती’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देव, कंपनी, नदी यांना कायदा ‘व्यक्ती’ म्हणतो म्हणजे नेमकं काय म्हणतो?

कायद्याच्या भाषेत व्यक्ती म्हणजे जिच्या नावावर हक्क आणि जबाबदाऱ्या टांगता येतात ती. तिला जीव, मन किंवा शरीर असलंच पाहिजे असं नाही. ती मालमत्ता धारण करू शकते, करार करू शकते, दावा लावू शकते आणि तिच्यावर दावा लागू शकतो, एवढंच त्यात अभिप्रेत आहे. मूर्तीला व्यक्ती मानणारा न्यायाधीश मूर्तीत चैतन्य आहे की नाही यावर काहीच बोलत नसतो. तो एवढंच म्हणतो, की ही जमीन, हे दागिने, ही दानपेटी कोणा माणसाची नाही, या देवाची आहे.

माझं बरंचसं काम देवस्थानांच्या जमिनींच्या दाव्यांत जातं. नवा पक्षकार आला की बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ‘देव कोर्टात येतो का?’ हा पहिला, आणि ‘मग देवाच्या वतीनं सही कोण करणार?’ हा दुसरा. दुसरा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं, कारण या सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे. व्यक्ती ठरवणं तुलनेनं सोपं असतं. तिच्या वतीनं कोण बोलणार आणि तो बोलणारा स्वतःच बेइमान निघाला तर काय, हे ठरवणं अवघड.

सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं ते कसं वाचायचं?

गाव नमुना सात हातात घ्या. भोगवटादाराच्या जागी ‘श्री भैरवनाथ देव’ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल आणि त्याच्याखाली ‘वहिवाटदार’ म्हणून एखाद्या माणसाचं नाव असेल. हे दोन शब्द नीट वेगळे वाचायला हवेत. जमीन देवाची आहे. वहिवाटदार ती सांभाळतो, पिकवतो, उत्पन्नातून पूजाअर्चा, दिवाबत्ती, उत्सव चालवतो. अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या मुलाच्या जमिनीवर पालकाच्या नावाआधी ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असं लिहितात, तसाच हा प्रकार. पालकाचं नाव उताऱ्यावर आलं म्हणून मुलाची जमीन पालकाची होत नाही.

गडबड बहुतेक वेळा फेरफारात होते. वहिवाटदार वारला की वारसांची नोंद होते. तलाठ्यानं किंवा आणखी कोणी ‘वहिवाटदार’ हा शब्द गाळला की पुढच्या पिढीत तीच मंडळी भोगवटादार म्हणून दिसू लागतात. आणखी एक वाटणीपत्र, एक गहाणखत झालं की देवाचं नाव इतर अधिकारांच्या रकान्यात जाऊन बसतं किंवा नाहीसंच होतं. म्हणून शंका आली तर आजचा उतारा पाहून थांबू नका. फेरफार मागे मागे वाचत जा, आणि जमीन देवस्थान इनाम असेल तर गाव नमुना तीनमधली नोंद काढा, कारण इनाम जमिनींची नोंद तिथे असते. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या पीटीआर, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीच्या उताऱ्यात त्याच्या मालमत्तेची यादी मिळते. हे कागद जुळले नाहीत तर नेमका कोणत्या वर्षी कोणता शब्द गळला ते सापडतं.

सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०२१ला मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या एका प्रकरणात हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. महसुली कागदावर मालकाच्या रकान्यात देवाचं नाव हवं, पुजाऱ्याचं नको. पुजारी देवाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहतो, तो कूळही नाही आणि मालकही नाही.

मूर्ती हीच व्यक्ती आहे की मूर्तीतला देव?

हा प्रश्न दिसतो तितका तात्त्विक नाही. मूर्ती भंगली, चोरीला गेली, नदीत वाहून गेली तर जमीन कोणाची, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

मुंबई उच्च न्यायालयानं १८८७ साली डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळाचा खटला ऐकला. डाकोर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. देवापुढे पडणारी नाणी, दागिने, वस्तू आपल्याच, त्यांचा हिशेब कोणाला देणं लागत नाही, असं तिथल्या सेवकांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती वेस्ट यांनी ते मानलं नाही. रोमन कायद्यात जशी एखाद्या कार्यासाठी वाहिलेली संपत्ती स्वतःच एक व्यक्ती बनते, तशीच कल्पना हिंदू कायद्यातही आहे, असं त्यांनी मांडलं. भक्तानं वाहिलेलं दान देवाकडे जातं, सेवकांच्या हाती ते विश्वासानं आलेलं असतं, आणि म्हणून त्यांना हिशेब द्यावा लागतो.

पुढच्या शतकभरात हा विचार आणखी स्पष्ट झाला. दात्यानं धर्मकार्यासाठी संपत्ती वाहिली, तो हेतू टिकून राहावा म्हणून कायदा त्या हेतूला व्यक्तित्व देतो. मूर्ती हे त्या हेतूचं दिसणारं, हात जोडता येणारं रूप. अयोध्येच्या २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हीच मांडणी घेतली आहे. त्यामुळे मूर्ती भंगली तरी व्यक्ती मरत नाही. नवी मूर्ती बसवली की काम पुढे चालतं, आणि मधल्या काळात जमीन बेवारस ठरत नाही.

याचं एखादं उदाहरण, ज्यात हा विचार खरोखर पणाला लागला?

मला सगळ्यात भिडणारं उदाहरण पत्तूरच्या नटराजाचं आहे. तमिळनाडूत तंजावर भागातलं हे छोटं गाव. तिथे बाराव्या शतकातलं विश्वनाथाचं देऊळ होतं, पण काळाच्या ओघात पडून दगडांचा ढीग उरला होता. १९७६ साली एक भूमिहीन मजूर देवळाजवळ खणत असताना पहार धातूवर आदळली. जमिनीत पुरलेल्या कांस्यमूर्ती होत्या, त्यांत एक नटराज. मूर्ती गुपचूप विकली गेली, हातोहात फिरत लंडनला पोहोचली. १९८२ साली कॅनडातल्या बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनं ती एका व्यापाऱ्याकडून अडीच लाख पौंडांना घेतली. व्यापाऱ्यानं मूर्तीचा पूर्वेतिहास खोटा सांगितला होता. साफसफाई आणि डागडुजीसाठी ती ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी जप्त केली, आणि कंपनीनं ती परत मिळावी म्हणून पोलीस आयुक्तांवर दावा लावला.

आता दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला कंपनी, म्हणजे कागदावर जन्मलेली व्यक्ती. दुसऱ्या बाजूला भारत सरकार आणि तमिळनाडू सरकार तर होतंच, पण त्यांच्यासोबत खुद्द देऊळ आणि त्या भग्नावशेषांत मागे उरलेलं शिवलिंगही दावेदार म्हणून उभं होतं. देवळाच्या वतीनं बोलायला एक अधिकृत माणूस नेमला होता.

खटल्यात आधी सिद्ध करायचं होतं, की लंडनमधला नटराज तोच, पत्तूरचा. त्याच जागी सापडलेल्या बाकीच्या मूर्तींशी त्याची घडण, धातू, अंगावरच्या मातीच्या खुणा ताडून पाहिल्या. जाणकारांच्या साक्षी झाल्या. न्यायाधीशांची खात्री पटली. मग मुद्दा आला हक्काचा. ज्या देवळात कित्येक शतकं पूजा झालेली नाही, ते आज दावा कसा करणार? न्यायाधीशांनी उत्तर दिलं, की बाराव्या शतकात ज्यानं देऊळ बांधलं त्याचा धर्महेतू अजून शिल्लक आहे, आणि ते शिवलिंग त्याचं रूप आहे.

१९९१ साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे कंपनीनं हरकत घेतली. इंग्रजी कायद्यात देऊळ ही व्यक्ती नाही, मग ते पक्षकार कसं? न्यायालयानं मान्य केलं, की इंग्लंडमध्ये दगडांच्या ढिगाला व्यक्ती मानत नाहीत. पण देऊळ जिथलं आहे तिथला कायदा त्याला व्यक्ती मानतो, आणि एका देशानं दुसऱ्या देशाच्या कायद्याचा मान राखावा या तत्त्वावर त्याला इथे दावा करू द्यायला काहीच अडचण नाही. कंपनी हरली आणि त्याच वर्षी नटराज भारतात परतला.

या निकालातली माझ्या दृष्टीनं मोलाची गोष्ट अशी: भारतात सातबाऱ्याच्या रकान्यात राहणारी एक कल्पना परक्या भूमीवर, परक्या कायद्यापुढे टिकली. मजुरानं विकली, व्यापाऱ्यानं विकली, कंपनीनं पैसे मोजून घेतली, तरी यांतल्या कोणालाच ती विकायचा अधिकार नव्हता, कारण मूर्तीला धनी होता.

कंपनीचं व्यक्तित्व आणि देवाचं व्यक्तित्व एकच का?

साचा एक, कामं वेगळी. कंपनीचं व्यक्तित्व नोंदणीनं जन्मतं आणि तिचा पैसा भागधारकांपासून वेगळा ठेवतं. १८९६ साली सॉलोमन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, की जवळजवळ सगळे भाग एकाच माणसाचे असले तरी कंपनी म्हणजे तो माणूस नव्हे. ही भिंत दोन्ही बाजूंनी लागते. आयर्लंडमधल्या मकॉरा नावाच्या जमीनदारानं आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं, पण विमा स्वतःच्या नावावर उतरवला. लाकूड जळालं. १९२५ साली निकाल लागला, की लाकूड कंपनीचं होतं, विमा याचा होता, म्हणून भरपाई नाही.

आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचंही तेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झाली की संस्था ही निगम निकाय, म्हणजे सभासदांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती होते. सभासद येतात जातात, संस्था राहते. म्हणून तर जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण अध्यक्षांच्या नावे न होता संस्थेच्या नावे होतं.

कंपनीच्या वतीनं कोण बोलणार हा प्रश्न मात्र कायद्यानं आधीच सोडवलेला आहे. संचालक, सर्वसाधारण सभा, हिशेबतपासनीस, ठराव सगळं ठरलेलं. देवाच्या बाबतीत हे उत्तर खटल्याखटल्यातून घडत गेलं.

देव कायद्यात कायमचा ‘अज्ञान’ मानतात. मग त्याच्या वतीनं कोण बोलतं?

एरवी बोलतो व्यवस्थापक. बंगालकडे त्याला शेबाईत म्हणतात, आपल्याकडे वहिवाटदार किंवा विश्वस्त. अडचण येते ती व्यवस्थापकाचाच स्वार्थ देवाच्या हिताशी भिडतो तेव्हा.

कलकत्त्याच्या मलिक कुटुंबातला खटला यासाठी वाचावा. घराण्याचे ठाकूर, त्यांच्यासाठी बांधलेली ठाकूरबाडी आणि पाळीपाळीनं पूजा करणारे वंशज. त्यांतला एक म्हणाला, माझी पाळी आली की मी मूर्ती माझ्या घरी नेईन. इतरांनी विरोध केला. भांडण १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. तिथे ठरलं, की मूर्ती ही पाळीनं उचलून न्यायची जंगम वस्तू नाही. तिनं कुठे राहावं याबद्दल तिची स्वतःची इच्छा विचारात घ्यायला हवी. आणि ती इच्छा सांगायला भांडणाऱ्यांपैकी कोणी नको. न्यायालयानं ज्याचा यात काही फायदा नाही असा तिऱ्हाईत वादमित्र, म्हणजे देवाच्या वतीनं खटला चालवणारा माणूस नेमावा आणि देवाला वेगळा पक्षकार करावं. कुटुंबातल्या बायकांचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण त्याही पूजा करतात, असंही त्यांनी म्हटलं.

मला हा निकाल वाचताना दर वेळी नवल वाटतं. देवाची इच्छा, असं म्हणून न्यायालयानं खरं तर कोणाही एका माणसाला शेवटचा शब्द नाकारला.

व्यवस्थापकच जमीन विकून बसला तर भक्तालाही देवाचा वादमित्र होऊन दावा आणता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली राधावल्लभजींच्या खटल्यात मान्य केलं. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर आणखी एक वाट आहे. धर्मादाय आयुक्तांच्या लेखी संमतीनं हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक माणसांना दावा लावता येतो. न्यासाची जमीन विकायलाही त्यांची आधी परवानगी लागते.

एक सावधगिरी. देव अज्ञान आहे म्हणून त्याला मुदतीचा कायदा लागूच नाही, असा समज गावोगाव आहे. न्यायालयांनी तो स्वीकारलेला नाही. अज्ञानपण हे संरक्षण व्यवहारापुरतं आहे, गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या गप्प बसावं म्हणून नाही.

पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचा वाद याच्याशी जोडलेला आहे का?

आहे. विठ्ठलापुढे येणाऱ्या उत्पन्नावर आणि सेवेवर बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. १९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमानं ते काढून घेतले. खटले दशकानुदशकं चालले आणि २०१४च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांचा पराभव झाला. डाकोरच्या सेवकांना १८८७ साली जे सांगितलं गेलं, तेच पंढरपुरात वेगळ्या मार्गानं, कायदा करून घडलं.

देवाला आयकर लागतो?

लागू शकतो. योगेंद्रनाथ नस्कर खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की जो मालमत्ता धारण करतो, उत्पन्न मिळवतो, त्याला शेबाइतामार्फत कर आकारता येतो. सार्वजनिक धर्मादाय न्यासांना असलेल्या सवलती हा वेगळा भाग.

मग प्रत्येक मूर्ती, प्रत्येक धर्मग्रंथ, प्रत्येक प्रार्थनास्थळ व्यक्ती होतं का?

नाही. दुकानातली मूर्ती ही विक्रीची वस्तू आहे. प्रतिष्ठापना, पूजा आणि तिच्यासाठी काही वाहिलेलं असणं यांतून व्यक्तित्व येतं.

गुरू ग्रंथ साहिबाला २००० साली सर्वोच्च न्यायालयानं कायदेशीर व्यक्ती मानलं. गुरुद्वाऱ्यात स्थापलेल्या ग्रंथाला, बरं का, वाचनालयातल्या छापील प्रतीला नाही. लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या खटल्यात मात्र प्रिव्ही कौन्सिलनं १९४० साली मशिदीची इमारत स्वतः दावा लावू शकणारी व्यक्ती आहे हे मानायला नकार दिला.

अयोध्येच्या निकालातला एक भाग लोकांच्या लक्षात राहत नाही. त्या दाव्यात दोन वेगळे वादी होते, रामलल्ला विराजमान आणि जन्मस्थान. न्यायालयानं पहिल्याला व्यक्ती मानलं, दुसऱ्याला मानलं नाही. जमीन स्वतःच व्यक्ती झाली तर तिच्यावर दुसऱ्या कोणाचा मालकी हक्क, कब्जा, काहीच उरणार नाही, आणि पुरावा न तपासताच वाद संपेल, हे त्यामागचं कारण होतं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण व्यक्तित्व कुठे थांबवायचं हे त्यात सांगितलेलं आहे.

गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं होतं ना? त्याचं काय झालं?

उत्तराखंड उच्च न्यायालयानं २० मार्च २०१७ला तसा निकाल दिला. मूळ याचिका कालव्याच्या जमिनीवरच्या अतिक्रमणाची होती. न्यायालयानं मूर्तीवरच्या जुन्या निकालांचाच आधार घेतला आणि नद्यांना अज्ञान व्यक्तीचा दर्जा देऊन पालक नेमले: नमामि गंगेचे संचालक, उत्तराखंडचे मुख्य सचिव आणि राज्याचे महाधिवक्ता. दहा दिवसांनी गंगोत्री, यमुनोत्री या हिमनद्यांनाही तोच दर्जा दिला.

राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुरात माणसं गेली, शेतं वाहून गेली तर भरपाईचा दावा नदीवर लागेल, मग पैसे पालक म्हणून मुख्य सचिवांनी भरायचे का? आणि नदी पुढे अनेक राज्यांतून वाहते, तिथे उत्तराखंडच्या अधिकाऱ्याचं कोण ऐकणार? ७ जुलै २०१७ला निकालाला स्थगिती मिळाली.

मूर्तीचा साचा नदीवर बसला नाही याचं कारण मला असं दिसतं. देवाकडे वाहिलेली जमीन असते, उत्पन्न असतं, सीमा असते. गंगेच्या नावावर न्यायालयानं हक्क लिहिले, पण एक रुपयाही लिहिला नाही. आणि पालक म्हणून नेमली ती सरकारी माणसं, जिथे प्रदूषण रोखण्यात सरकारच कमी पडल्याची तक्रार होती. मलिक खटल्यातला ‘ज्याचा यात फायदा नाही असा वादमित्र’ इथे हरवला.

न्यूझीलंडमध्ये मग कसं जमलं?

तिथे न्यायालयानं ठरवलं नाही. वांगानुई नदीकाठच्या माओरी जमातींनी शतकाहून अधिक काळ चालवलेल्या लढ्यानंतर सरकारशी तडजोड झाली आणि मार्च २०१७मध्येच, गंगेच्या निकालाच्या आसपास, संसदेनं कायदा केला. डोंगरापासून समुद्रापर्यंतची सारी नदी, तिच्या उपनद्या आणि तिचं पाण्यापलीकडचं अस्तित्व धरून ‘ते आवा तुपुआ’ ही एक व्यक्ती. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं, एक सरकारनं आणि एक जमातींनी नेमलेला. सरकारी मालकीचा नदीपात्राचा भाग नदीच्या नावावर केला, आणि तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी ठेवला.

मर्यादाही लिहून ठेवल्या आहेत. पाण्याची मालकी कोणाला दिलेली नाही, खासगी जमिनींचे हक्क तसेच राहिले आणि जलविद्युत प्रकल्पासाठी नदीच्या वरच्या भागातलं पाणी वळवणं परवान्याप्रमाणे सुरूच आहे. म्हणजे नदीला व्यक्ती केल्यावर पाणी आपोआप वाढलं नाही. पण नदीकाठी काही करायचं झालं तर समोर बसून बोलायला नाव असलेली माणसं आणि त्यांच्या हाती पैसा आहे.

गोदावरीला असा दर्जा द्यावा का?

द्यावा असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, पालकाचं नाव काय लिहायचं? गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र ओलांडून समुद्राला मिळते. खोऱ्यात आणखी राज्यं येतात. एकट्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं नेमलेला पालक तेलंगणातल्या पोचमपाडच्या धरणाबद्दल काही बोलू शकणार नाही, आणि नाशिकच्या सांडपाण्याबद्दल बोलायला गेला तर महापालिकेविरुद्ध वकील उभा करायला त्याला स्वतःचा निधी लागेल. बच्छावत लवादानं १९८० साली गोदावरीच्या पाण्याचं वाटप केलं तेव्हा पक्षकार म्हणून राज्यं उभी होती. त्या टेबलाशी नदीची खुर्ची मांडायची असेल, तर ती संसदेच्या कायद्यानं मांडावी लागेल, आणि खोऱ्यातल्या सगळ्या राज्यांच्या संमतीनं.